पिल्लाची उलटी थांबत नाही: आतड्यात काही अडकलंय का, हे कसं तपासायचं

मे-जूनमध्ये उलट्या करणारी जी पिल्लं दवाखान्यात येतात, त्यातल्या काहींच्या पोटात आंब्याची कोय निघते. पावसाळ्यात दाणे खाऊन फेकलेल्या मक्याच्या कणसाचा दांडा, आणि वर्षभर मोजे, रबरी चेंडूचे तुकडे, मटणाची हाडं, मांजाचा दोरा. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी उशीर एकाच प्रकारे होतो. उलटीचं इंजेक्शन दिलं जातं, दिवसभर उलटी थांबते, घरच्यांना हायसं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू मान टाकलेल्या अवस्थेत येतं. हे लिहितोय ते पिल्लू पाळणाऱ्यांसाठी, आणि तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठीही. घरी काय बघायचं ते आधी सांगतो, एक्स-रे आणि बेरियम, म्हणजे फिल्मवर पांढरं दिसणारं मिश्रण पाजून काढायचे एक्स-रे, त्यानंतर.

लक्षणं

खाल्लेलं तर पडतंच, पण प्यायलेलं पाणीही थोड्या वेळात बाहेर येतं. पिल्लू खाण्याकडे तोंड फिरवतं, सुस्त होतं, पोटाला हात लावला की पोट आवळून घेतं. काही पिल्लं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतात. पोटात दुखत असल्याची ती खूण आहे.

वस्तू कुठे अडकली आहे यावर उलटीची तऱ्हा ठरते. जठराच्या तोंडाशी किंवा आतड्याच्या सुरुवातीला अडकली असेल तर उलट्या भरपूर आणि लागोपाठ होतात आणि पिल्लू एका दिवसात सुकतं. आतड्याच्या शेवटाकडे अडकली असेल तर उलट्या दिवसातून दोन-तीनच, पण चार-पाच दिवस चालू राहतात आणि त्यांना घाण वास यायला लागतो. या दुसऱ्या प्रकारात जास्त फसगत होते, कारण पिल्लू मधूनच शेपूट हलवतं आणि थोडं खातंही.

"डॉक्टर, पण शी तर होतेय ना!" हे मला नेहमी ऐकायला मिळतं. अडथळ्याच्या पुढे आतड्यात जे आधीच जमा असतं ते एक-दोन दिवस बाहेर येतच राहतं, आणि अडथळा अर्धवट असेल तर नंतरही येतं. त्यामुळे शी झाली एवढ्यावरून अडकलेलं नाही असं ठरवू नका.

अजून एक भेद लक्षात ठेवा. पोट आत-बाहेर ओढून, जोर लावून होते ती उलटी. मान खाली घातली आणि काही जोर न लावता अन्न तसंच्या तसं घरंगळलं, तर दुखणं बहुधा अन्ननलिकेत आहे. हाड तिथे छातीच्या आत अडकतं, आणि पोटाचे कितीही एक्स-रे काढले तरी दिसत नाही. असं होत असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, किंवा सरळ मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा.

घरी, फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिलं काम घर तपासायचं. डस्टबिन, सोफ्याखाली, मुलांची खेळणी, मोज्यांच्या जोड्या. काय कमी आहे हे कळलं तर पुढचा अर्धा दिवस वाचतो. त्या वस्तूचा जोडीदार किंवा उरलेला तुकडा दवाखान्यात घेऊन या. तो पिल्लाशेजारी ठेवून एक्स-रे काढला की फिल्मवर नेमकं काय शोधायचं ते समजतं.

दुसरं, तोंड उघडून जीभ वर करून बघा. एका हाताने वरचा जबडा धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हनुवटीखालच्या मऊ भागाला बाहेरून वर दाबा. जीभ आपोआप उचलली जाते आणि तिच्या मुळाशी दोरा अडकला असेल तर दिसतो. कुत्र्यांत दोरा बहुतेक वेळा जठराच्या तोंडाशी अडकतो, जिभेखाली मांजरांत जास्त सापडतो. तरीही ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. दोरा दिसला तर ओढू नका. गुदद्वारातून लोंबत असेल तरी ओढू नका. आतलं टोक अडकलेलं असताना बाहेरचं ओढलं की आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि ताणलेला दोरा त्याची भिंत आतून कापतो.

तिसरं, हिरड्या. त्या ओल्या आणि गुलाबी असायला हव्यात. बोट दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चिकट, फिकट किंवा विटकरी झाल्या असतील, तर घरचं काम तिथेच संपलं, लगेच निघा.

काही गोष्टी मात्र करूच नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. "सरकून जाईल" म्हणून एरंडेल, तूप, केळं देऊ नका. एरंडेलाने आतडं आणखी जोरात आवळतं आणि अडकलेल्या जागी भिंतीवरचा दाब वाढतो. माणसांची दुखण्याची गोळी तर अजिबात नको.

एखादीच उलटी होऊन पिल्लू नेहमीसारखं खेळत असेल तर काही तास पाहायला हरकत नाही. पण दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही न टिकणं, पोट दुखणं किंवा मरगळ यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा फार थोडा असतो, मोठ्या कुत्र्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. आणि बटन सेल, एकापेक्षा जास्त लोहचुंबक, सुई किंवा गळ गिळल्याची शंका असेल तर उलटी सुरू व्हायचीही वाट पाहू नका. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भिंत जाळतो.

दवाखान्यात, एक्स-रेच्या आधी

पिल्लू आणि उलटी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय पार्व्होचा, आणि तो बरोबरच आहे. लसीकरण अपुरं असेल तर पार्व्होची किट आधी लावावी. ही तपासणी स्वस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि पार्व्होचं पिल्लू विनाकारण टेबलावर घेणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. पण किट निगेटिव्ह आली म्हणून पार्व्हो नाहीच असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली म्हणून अडथळा नाही असंही होत नाही. पार्व्होने किंवा जंतांनी चिडलेल्या आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरून बसतो, आणि तो अडथळा कोयीइतकाच खरा असतो.

पोट हाताने तपासताना पिल्लाचे पुढचे पाय मदतनिसाला उचलून धरायला सांगा. बरगड्यांच्या आड लपलेली आतडी मागे सरकतात आणि एरवी हाताला न लागणारा गोळा बोटांत येतो. एकाच जागी दाबल्यावर पिल्लू दर वेळी कण्हत असेल तर ती जागा लिहून ठेवा.

मग रक्तातली साखर, आणि शक्य असेल तिथे क्षार. जठरातला आम्लरस सतत बाहेर पडत राहिला की रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम घटतं. पोटॅशियम कमी असेल तर आतडी मंदावतात, एक्स-रेवर ती फुगलेली दिसू शकतात, आणि भूल देताना हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून सलाईन आणि क्षार आधी, फिल्मचा अर्थ नंतर.

मेटोक्लोप्रमाइड या टप्प्यावर देऊ नका. ते आतड्याची हालचाल वाढवतं, आणि पुढे वाट बंद असताना ती वाढवण्यात धोका आहे. उलटी थांबवणारी बाकीची औषधं देता येतात, पण त्यानंतर "उलटी थांबली" हे सुधारणेचं लक्षण धरायचं नाही.

साधा एक्स-रे: वस्तू शोधू नका, आतडं बघा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हाड, दगड, नाणं, धातू फिल्मवर पांढरे दिसतात. कोय, कापड, प्लास्टिक, कणसाचा दांडा दिसत नाहीत, किंवा आतड्यातल्या पाण्याच्याच करड्या रंगात मिसळून जातात. "एक्स-रेत काही दिसलं नाही" म्हणून घरी पाठवलेली पिल्लं परत येतात ती यामुळेच. आपण पुरावा शोधायचा तो आतड्याच्या वागण्याचा.

पोझिशन तीन घ्याव्यात: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर. पैसे वाचवण्यासाठी एकच काढतात आणि नेमकी उजव्या कुशीची काढतात. जठराचं पुढचं तोंड शरीराच्या उजव्या बाजूला असतं. पिल्लू उजव्या कुशीवर झोपलं की तिथे पाणी साठतं आणि गोल चेंडूसारखी सावली पडते. ती पाहून नसलेला चेंडू काढायला पोट उघडलं जाऊ शकतं. तेच पिल्लू डाव्या कुशीवर वळवलं की हवा वर, म्हणजे उजवीकडे सरकते, आणि तिथे खरंच काही असेल तर हवेच्या काळ्या पार्श्वभूमीवर त्याची कड उठून दिसते. दुसरी कूस वगळू नका. आणि एका फिल्ममध्ये तरी छाती येऊ द्या.

आता मोजमाप. आडव्या फिल्मवर कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मध्यभागाची सगळ्यात अरुंद उंची मोजा. मग लहान आतड्याच्या सगळ्यात फुगलेल्या वळशाची रुंदी मोजा आणि तिला मणक्याच्या उंचीने भागा. उत्तर 1.6 च्या आत असेल तर साधारण ठीक, त्यापुढे संशय. पण ही रेघ काटेकोर नाही, मधे मोठा धूसर पट्टा आहे: 1.4 पर्यंत अडथळ्याची शक्यता फारच कमी, 2.4 च्या वर खूप जास्त.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे आतड्याचे दोन गट दिसतात का. अडथळ्याच्या मागचं आतडं फुगलेलं आणि पुढचं रिकामं, बारीक, असं एकाच फिल्मवर दिसलं तर वाट कुठेतरी बंद आहे. सगळीच आतडी सारखी थोडी-थोडी फुगलेली असतील तर ते पार्व्हो किंवा आतड्याच्या सुजेकडे झुकतं. दोऱ्याचं चित्र वेगळं असतं. आतडी फारशी फुगत नाहीत, पण एका जागी चुण्या पडून गोळा होतात आणि त्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचे हवेचे छोटे बुडबुडे दिसतात.

पिल्लांपुरती एक सावधगिरी आहे. मोठ्या कुत्र्यात आतड्यांच्या कडा धूसर दिसल्या तर पोटात पाणी किंवा पू असल्याची शंका घेतात. पिल्लांच्या पोटात चरबी कमी असते, त्यामुळे निरोगी पिल्लाच्या कडाही धूसरच असतात. एवढ्यावरून आतडं फुटल्याचं निदान करू नका. मात्र यकृत आणि छाती-पोटामधला पडदा यांच्या मधे मोकळी हवा दिसली, आणि पोट आधी उघडलेलं नसेल, तर आतडं फुटलं आहे असंच धरा.

फुगलेला वळसा लहान आतड्याचा की मोठ्या, हेच कळत नसेल तर मऊ नळीने गुदद्वारातून थोडी हवा सोडून पुन्हा फिल्म घ्या. मोठं आतडं हवेने काळं भरतं आणि शंका मिटते. या उपायाला जवळजवळ काहीच खर्च नाही, तरी तो फारसा वापरला जात नाही.

एक केस

पाच महिन्यांचं लॅब्रॅडोर, 12 किलो, लसी पूर्ण. दोन दिवस उलट्या, दुसरीकडे इंजेक्शन झालेलं, त्यानंतर उलटी कमी पण खाणं बंद. घरात आंब्याची पेटी होती, कोय गिळताना कुणी पाहिलं नव्हतं. हिरड्या चिकट, चिमटीतली कातडी हळूहळू खाली बसत होती. शरीरातलं सुमारे 8 टक्के पाणी कमी धरलं, म्हणजे 12 किलोला जवळजवळ एक लिटर. पार्व्हो किट निगेटिव्ह.

सकाळच्या फिल्मवर मणका 11 मिमी, सगळ्यात मोठा वळसा 20 मिमी. गुणोत्तर 1.8, म्हणजे धूसर पट्ट्यातलं. वस्तू दिसत नव्हती. तिथे बेरियम पाजायचा मोह होतो. आम्ही पाजलं नाही. पोटॅशियम घालून सलाईन सुरू केलं, तोंडाने काही दिलं नाही, आणि सहा तासांनी तिन्ही फिल्म पुन्हा काढल्या. आता तोच वळसा त्याच जागी, 28 मिमी. गुणोत्तर 2.5, आणि मागे-पुढे दोन गट स्पष्ट. पाणी आणि क्षार भरून निघाल्यावरही आतडं आणखी फुगलं, म्हणजे ते मंदावलेलं नव्हतं, बंद होतं. सोनोग्राफीत त्याच जागी चकाकती वक्र रेघ आणि तिच्यामागे काळी सावली आली. संध्याकाळी ऑपरेशन केलं.

कोय लहान आतड्याच्या मध्यावर होती. वरचं आतडं जांभळं, पण जिवंत. छेद कोयीवर घ्यायचा नसतो, कारण तिथली भिंत दाबाने दुखावलेली असते. कोयीच्या लगेच पुढे, निरोगी भागात घेतला आणि कोय त्यातून हळूच पुढे काढली. काही मिनिटांत आतड्याचा रंग गुलाबी झाला, लाट पुन्हा दिसू लागली, म्हणून तुकडा कापायची वेळ आली नाही. ते चित्र आणखी एका रात्रीने बदललं असतं.

बेरियम कधी

साध्या फिल्म, पुन्हा काढलेल्या फिल्म आणि सोनोग्राफी, तिन्हींनी उत्तर दिलं नाही तरच. माझा अनुभव असा की पुन्हा काढलेली फिल्म बहुतेकदा बेरियमचं काम संपवते. जिथे सोनोग्राफीची सोय नाही तिथे मात्र बेरियम उपयोगी पडतं, नीट दिलं तर.

मात्रा किलोला साधारण 10 मिली, 30 टक्क्यांचं मिश्रण. बाजारातलं 95 टक्क्यांचं असेल तर एका भागाला दोन भाग पाणी. सहा किलोच्या पिल्लाला 60 मिली, जठरात नळी घालून. नळी श्वासनलिकेत गेलेली नाही याची खात्री आधी करा. थोडंसं बेरियम पाजून काढलेल्या फिल्म निकामी असतात. जठर भरलं नाही तर ते पुढे ढकलतच नाही, आणि आपण त्यालाच अडथळा समजतो. झायलाझिनसारखं औषध देऊन पिल्लू शांत केलं तरी हीच फसवणूक होते, कारण त्याने आतडी थंडावतात.

फिल्म लगेच, 15 मिनिटांनी, अर्ध्या तासाने, एका तासाने आणि मग दर तासाला, बेरियम मोठ्या आतड्यात पोचेपर्यंत. निरोगी कुत्र्यात ते दीड-दोन तासांत पोचतं. एका जागी पांढरा प्रवाह थांबून मागचं आतडं फुगत राहिलं तर अडथळा ठरला. पांढऱ्यात एखादी काळी पोकळी तशीच राहिली तर ती वस्तूची कड. कापड जठरात असेल तर बाकीचं बेरियम निघून गेल्यावरही भिजलेलं कापड पांढरं दिसत राहतं. मोजे असे सापडतात.

आतडं फुटल्याची शंका असेल तर बेरियम अजिबात नको. पोटात सांडलेलं बेरियम धुऊन निघत नाही आणि भयंकर सूज आणतं. तिथे पातळ केलेलं आयोहेक्झॉल वापरतात. जुन्या प्रकारचं दाट आयोडीनचं औषध सुकलेल्या पिल्लाला देऊ नका. ते शरीरातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढतं. आणि साध्या फिल्मनेच उत्तर दिलं असेल तर बेरियम देऊन चार तास घालवू नका.

इथे थांबा, ऑपरेशन करा किंवा पुढे पाठवा

मोकळी हवा. दोन गटांसह स्पष्ट फुगलेलं आतडं. चुण्या पडलेलं आतडं, म्हणजे दोरा. आतड्यात शिरलेलं आतडं. धारदार वस्तू, किंवा एकापेक्षा जास्त लोहचुंबक. सलाईन चालू असूनही नाडी वाढत जाणं, ताप, वाढती पोटदुखी. यातलं काहीही असेल तर "उद्या बघू" नाही. दोन-चार तास सलाईन, साखर, क्षार आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लू सावरायचं, पण रात्र काढायची नाही.

लहान, गुळगुळीत वस्तू फिल्म-दर-फिल्म पुढे सरकत असेल आणि पिल्लू खात-पीत असेल तरच थांबता येतं. तेही दवाखान्याच्या नजरेखाली, आणि 24 तासांत ती जागची हलली नाही तर थांबणं बंद.

भूल देण्याची, आतडं कापून जोडण्याची आणि रात्री पिल्लावर लक्ष ठेवण्याची सोय आपल्याकडे नसेल तर सलाईन लावूनच पुढे पाठवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्यापूर्वी फोन करून त्या वेळी ऑपरेशनची सोय आहे का ते विचारा. सोबत फिल्म, दिलेल्या औषधांची वेळ आणि शेवटची साखर लिहून द्या.

ऑपरेशननंतर बारा ते चोवीस तासांत थोडं-थोडं मऊ खाणं सुरू करायचं. आतड्याची शिवण सुटायची असेल तर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सुटते, म्हणजे पिल्लू घरी गेल्यावर. त्या दिवसांत पुन्हा उलटी, खाणं बंद, ताप किंवा पोट आवळून धरणं दिसलं तर फोनवर औषध विचारू नका, पिल्लू घेऊन या. पोटातलं पाणी सुईने काढून त्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघतात. पोटातली 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी असेल तर तिथे जंतू ती खात आहेत, आणि पोट त्याच दिवशी पुन्हा उघडावं लागतं.